द्राक्षबागेतला आयटूसी बस, भाग ३: पुल-अप लावायचे की काढायचे?

दिंडोरी तालुक्यातल्या मामांच्या बागेत वेलीच्या छत्रीतली आर्द्रता मोजायचं काम पुढे सरकलंय. भुरी आणि डाऊनीच्या दिवसांत छत्रीच्या आत किती दमट आहे ते बाहेरच्या हवामानावरून कळत नाही, म्हणून आर्द्रतेचे दोन एसएचटी३१ सेन्सर छत्रीत वर-खाली टांगलेत आणि एक बीएच१७५० प्रकाश मोजायला. पेटीत ईएसपी३२, डीएस३२३१चं घड्याळ आणि छोटा ओलेड. पेटीपासून शेवटच्या सेन्सरपर्यंत लॅनची कॅट-५ई केबल, लांबी सहा मीटर. सगळं ३.३ व्होल्टवर. घड्याळाच्या मॉड्यूललासुद्धा ३.३च द्या. पाच दिले तर त्याच्यावरचे पुल-अप, म्हणजे लाइन वर धरणारे रेझिस्टर, एसडीए आणि एससीएल या दोन्ही लाइनी पाच व्होल्टला खेचतात, आणि ईएसपी३२च्या पिना त्यासाठी नाहीत.

आयटूसीबद्दल कुणालाही विचारा, उत्तर येतं, "४.७ के लाव." एका बोर्डावर दोन चिप असतील तर ते चालूनही जातं. केबल लांबली आणि मॉड्यूलं वाढली की मात्र रेझिस्टर दोन भिंतींच्या मध्ये बसवावा लागतो, आणि या दोन्ही भिंती आधी काढून घ्याव्या लागतात.

खालची भिंत करंटची. ओपन-ड्रेन म्हणजे चिप लाइन फक्त खाली ओढते, वर न्यायचं काम एकट्या रेझिस्टरचं. रेझिस्टर जितका लहान तितका जास्त करंट चिपला ग्राउंडमध्ये सोडावा लागतो. स्टँडर्ड आणि फास्ट मोडमध्ये चिपकडून हमी एवढीच, की ३ मिलिअँप सोडताना लाइन ०.४ व्होल्टच्या वर जाणार नाही. वरची भिंत वेळेची. केबल आणि पिना मिळून जो कपॅसिटन्स होतो तो या रेझिस्टरमधूनच भरतो, आणि १०० किलोहर्ट्झला ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढायला जास्तीत जास्त १००० नॅनोसेकंद मिळतात.

माझ्या बसचा अंदाज असा. कॅट-५ईच्या जोडीत मीटरला साधारण ५० पिकोफॅरड, म्हणजे सहा मीटरला ३००. प्रत्येक चिपच्या पिनचे १० धरले, तर घड्याळाच्या मॉड्यूलवरचा ईप्रॉम आणि ईएसपी३२ धरून सात चिपचे ७०. एकूण ३७०. स्पेसिफिकेशनची मर्यादा ४००, म्हणजे काठावर पण आत.

```
Rmin = (3.3 - 0.4) / 0.003           =  967
Rmax = 1000e-9 / (0.8473 * 370e-12)  = 3190
```

०.८४७३ हा आकडा ७/३ चा नैसर्गिक लॉग आहे, ३० ते ७० टक्के चढण्याच्या हिशेबातून येतो. तर खिडकी ९६७ ओहम ते ३.२ के. आता हेच ४०० किलोहर्ट्झला करून बघा. तिथे वेळ फक्त ३०० नॅनोसेकंद, वरची भिंत ९५७ ओहमवर येते. खालची ९६७ वर तशीच. म्हणजे खिडकीच उरत नाही, कुठलाही रेझिस्टर लावा. कोडमध्ये `Wire.setClock(100000)` आहे ते यासाठी. आर्द्रता मिनिटाला एकदा वाचायची असताना वेग कशाला हवाय, हेही आहेच.

आता मुख्य भानगड. मी वेगळा रेझिस्टर एकही लावला नव्हता, तरी बसवर पाच होते, कारण मॉड्यूल विकणारे प्रत्येक बोर्डावर पुल-अप ठोकूनच देतात. भिंगाखाली बघितलं तर दोन्ही एसएचटी३१ वर १०३ छापलेलं, म्हणजे १० के. बीएच१७५०, घड्याळ आणि ओलेडवर ४७२, म्हणजे ४.७ के. सगळे समांतर, एकत्रित किंमत १.१९ के. खिडकीत आहे, बस चालतही होता. पण मला छत्रीखाली दुसरा बीएच१७५० हवा होता (पत्ता `0x5C` करता येतो, त्यामुळे भांडण नाही). त्याचा ४.७ के जोडला की ९५१ ओहम, भिंतीच्या खाली. असा बस लगेच मरत नाही. चिपा सहसा हमीपेक्षा थोडं जास्त ओढतात, त्यामुळे टेबलावर सगळं सुरळीत दिसतं आणि एखादी अशक्त चिप बागेत उन्हात आडवी येते. स्कोपवर लक्षण सोपं आहे: लाइन खाली गेल्यावर तळ शून्याजवळ न बसता वर तरंगतो, आणि कुठली चिप बोलतेय त्यानुसार तो तळ बदलतो.

मग मोजणी. पॉवर बंद करून मल्टिमीटरने व्हीसीसी आणि एसडीए यांच्यातला रोध बघायचा, मग एससीएलचा. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. एक खोच अशी, की ज्या मॉड्यूलवर स्वतःचा रेग्युलेटर असतो तिथे पुल-अप बऱ्याचदा रेग्युलेटरच्या आतल्या बाजूला जोडलेला असतो आणि मीटर भलतंच सांगतो. अशा बोर्डावर छापलेल्या आकड्यावरच विश्वास ठेवा.

लांबच्या चारही सेन्सरांवरचे आणि ओलेडवरचे पुल-अप काढून टाकले. दोन्ही टोकांवर सोल्डरचा मोठा थेंब ठेवला की तो बारका रेझिस्टर सोल्डरिंगच्या टोकाला चिकटून येतो. घड्याळाच्या मॉड्यूलवर ते चार रेझिस्टरच्या एका ठोकळ्यात आहेत आणि तोच ठोकळा एसक्यूडब्ल्यू पिनलाही वर धरतो, म्हणून त्याला हात लावला नाही. नाहीतरी ते मॉड्यूल ईएसपी३२ला खेटून आहे, पुल-अप तिथेच शोभतो. त्याच्या समांतर माझे दोन, प्रत्येक लाइनला एक. एकूण २.३५ के. आणि हे दोन किती के होते? ४.७. लोक बरोबरच सांगत होते, फक्त हिशेब वेगळा!

स्कोपवर पूर्वी, टेबलावर फक्त एका १० के वर हीच केबल चालवून बघितली होती. तेव्हा एससीएलवरच्या क्लॉकची प्रत्येक लहर शार्कच्या पंखासारखी वाकडी चढत होती आणि माथ्याला पोचायच्या आतच खाली कोसळत होती. ईएसपी३२ `Error 263` ओकत होता, म्हणजे टाइमआउट. आता ०.९९ ते २.३१ व्होल्ट चढायला ७२० नॅनोसेकंद लागतात. उलटा हिशेब केला तर कपॅसिटन्स ३६० पिकोफॅरडच्या आसपास, अंदाजाच्या जवळ. प्रोब दहापटीवर ठेवायला विसरू नका. एकपटीवर प्रोब स्वतःच शंभरेक पिकोफॅरड घालतो आणि तुम्ही केबलला दोष देत बसता.

केबलमध्ये एसडीएला एका जोडीत ग्राउंडसोबत पिळलंय, एससीएलला दुसऱ्या जोडीत ग्राउंडसोबत. दोघांना एकाच जोडीत घातलं तर एसडीए खाली पडताना एससीएलवर बारीक खोक उमटते आणि चिपा ती क्लॉक समजून मोजतात. तो आजार कुठल्याही पुल-अपने बरा होत नाही.

मामांनी सगळं चालू झालेलं बघून विचारलं, "मग अजून पाच-सहा मीटर वायर लांबव ना, पलीकडच्या ओळीपर्यंत." बारा मीटरला केबलचेच ६०० होतात. रेझिस्टर १.५ के केला तरी चढाई ८५० नॅनोसेकंदांच्या वर जाते, वेळेत बसते म्हणा, पण ४०० पिकोफॅरडची मर्यादा कधीच मागे पडलेली असते. त्यामुळे पलीकडच्या ओळीत दुसरा ईएसपी३२ आणि त्याचा वेगळा छोटा बस, दोघांमध्ये बिनतारी ईएसपी-नाऊ. पेटी आणि सोलर पॅनल आणून ठेवलंय, पुढच्या भागात त्याची जोडणी.