पाच अक्षरांतले पहिले अक्षर : उत्पादक-संकेताचा उलगडा करताना आलेला माझा अनुभव

पुण्यातील एका लहान आस्थापनेत मी सुट्या भागांच्या खरेदीचे काम पाहतो. संरक्षण खात्याशी संबंधित एका जुन्या यंत्राच्या सुट्या भागांची यादी आमच्याकडे दरपत्रकासाठी आली, तेव्हा मला पहिल्यांदा नाटोच्या वस्तुसूचीची भाषा शिकावी लागली. यादीत प्रत्येक भागापुढे उत्पादकाचे नाव नव्हते. होता तो फक्त अक्षरे-अंक मिळून पाच चिन्हांचा उत्पादक-संकेत. अमेरिकेत त्याला ‘केज कोड’ आणि इतर देशांत ‘एनकेज’ म्हणतात.

या संकेताचा पहिला उपयोग म्हणजे तो कोणत्या देशाने दिला हे बहुधा त्याच्या रूपावरूनच कळते. `D` किंवा `C` ने सुरू होणारा संकेत जर्मनीचा, `F` चा फ्रान्सचा, `K` किंवा `U` चा ब्रिटनचा, `B` चा बेल्जियमचा. काही देशांचे अक्षर मात्र सुरुवातीला नसून शेवटी असते. इस्राएलचे `A`, स्पेनचे `B`, दक्षिण कोरियाचे `F`. अमेरिकेच्या संकेतात पहिले आणि पाचवे स्थान नेहमी अंकाचे असते, अक्षर आले तर मधल्या तीन स्थानांतच येते. त्यामुळे नुसता पहिला अंक पाहून ‘अमेरिका’ म्हणणे घाईचे ठरते. शेवटचे स्थानही पाहावेच लागते. जे देश या व्यवस्थेत नाहीत, तेथील कंपन्यांना नाटोची लक्झेंबर्गमधील संस्था संकेत देते आणि तो `S` ने सुरू होतो.

माझी अडचण एका ओ-रिंगच्या, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल कड्याच्या ओळीवर झाली. भागाचा क्रमांक `M83248/1-012` आणि संकेत `B1349` असे छापलेले होते. `B` म्हणजे बेल्जियम, म्हणून मी दोन दिवस बेल्जियमच्या नोंदी धुंडाळल्या आणि ओ-रिंगशी जुळणारे काहीच हाती लागले नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी ती ओळ पाहून म्हणाले, “अहो, संकेत बाजूला ठेवा, आधी भागाचा क्रमांक वाचा. `M`, मग अंक, मग तिरकी रेघ. हा कुठल्या कंपनीचा क्रमांक नाही, अमेरिकी लष्करी विनिर्देशाचा आहे.”

मग मी मूळ कागदाची झेरॉक्स मागवली. ती धूसर होती, पण भिंगातून पाहिल्यावर पहिल्या अक्षराची डावी बाजू सरळ उभी नसून मध्ये आत वळलेली दिसली. ते `B` नव्हते, `8` होते. कोणी तरी यादी पुन्हा टंकलिहिताना अंकाचे अक्षर झाले होते आणि त्या एका चुकीने एक अमेरिकी संकेत बेल्जियमचा झाला होता. खरा संकेत होता `81349`. पाचही अंक, पहिले आणि शेवटचे स्थान अंकाचे, म्हणजे अमेरिकेचाच. अशी गफलत होते म्हणूनच अमेरिकेच्या संकेतांत `I` आणि `O` ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती `1` आणि `0` सारखी दिसतात. पण `B` आणि `8` यांना तसे संरक्षण नाही.

अमेरिकेच्या संरक्षण पुरवठा यंत्रणेच्या `cage.dla.mil` या संकेतस्थळावर शोधल्यावर दुसरा उलगडा झाला. `81349` हा कोणत्याही कारखान्याचा संकेतच नाही; लष्करी विनिर्देशांसाठी तो राखून ठेवलेला आहे. (त्याचे भावंड म्हणजे `96906`, लष्करी मानकांचा संकेत.) म्हणजे ज्या ‘उत्पादका’ला मी पत्र पाठवणार होतो, तो अस्तित्वातच नव्हता. त्या विनिर्देशाची अट पूर्ण करणारी रिंग ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे विचारणा करायची होती आणि प्रमाणपत्र मागायचे होते ते त्या विनिर्देशाचे.

या कामात आणखी एक गोष्ट मनात नीट बसवून घ्यावी लागली. नाटोच्या वस्तुसूचीत प्रत्येक वस्तूला मिळणाऱ्या तेरा अंकी साठा क्रमांकातील पाचवा आणि सहावा अंक देशाचाच असतो, जर्मनीचा १२, फ्रान्सचा १४, ब्रिटनचा ९९. पण तो त्या वस्तूची नोंद कोणी केली हे सांगतो, तर उत्पादक-संकेत त्या कंपनीला ओळख कोणी दिली हे सांगतो. दोन्ही देश वेगळे असू शकतात आणि त्यात चूक काही नसते. संकेत आस्थापना ज्या देशात आहे तेथील कार्यालय देते, त्यामुळे जर्मन मालकीच्या कंपनीच्या अमेरिकेतील कारखान्याला अमेरिकी संकेत मिळतो. माल प्रत्यक्ष कुठे बनला, हे मात्र त्यावरून ठरत नाही. नुसत्या विक्रेत्यालाही संकेत मिळतो.

ती ओळ दुरुस्त करून मी दरपत्रकात संकेताच्या खाली वेगळी नोंद लिहिली : ‘पहिले चिन्ह आठचा अंक’. त्यानंतर त्या यादीतील उरलेले सगळे `B` मी मूळ प्रतीशी एकेक करून ताडून पाहिले. आणखी दोन ठिकाणी ते `8` निघाले.