सेक्रेटरींच्या तोंडून खरं कारण काढताना

वडिलांच्या पश्चात मुलुंडचा फ्लॅट आईच्या नावावर करायचा होता. नॉमिनी आईच, मृत्यूचा दाखला आणि शेअर सर्टिफिकेट जोडलेलं. तरी सोसायटीच्या सेक्रेटरींचं एकच पालुपद, "कागद अपुरे आहेत." कोणते, ते सांगायचं नाही, आणि आवाजही चढलेला.

अशा माणसाला "का?" विचारलं की तो जाब दिल्यासारखा उत्तर देतो आणि उपविधींची पुस्तिका पुढे सरकवतो. म्हणून त्याचेच शेवटचे एक-दोन शब्द परत म्हणायचे. "अपुरे आहेत?" सूर कुतूहलाचा हवा, जरा वर गेला तर वेडावल्यासारखं होतं. त्यानंतर चार-पाच सेकंद गप्प बसायचं. सगळ्यात अवघड भाग हाच, कारण आपल्यालाच राहवत नाही आणि आपण मध्ये बोलून त्याला पुढे बोलण्यातून सोडवतो.

सेक्रेटरी म्हणाले, "कागद आहेत हो, पण कमिटीला पुढे ताप नको."
"ताप?"
"उद्या कुणी आक्षेप घेतला की रजिस्ट्रारकडे खेटे मीच घालायचे."

इथे शब्द परत म्हणणं थांबवलं. लागोपाठ तीनदा केलं की पोपटपंची वाटते. त्याऐवजी भावना बोलून दाखवली: "सगळं तुमच्याच अंगावर शेकेल अशी धास्ती दिसतेय." वाक्य "मला वाटतं"ने सुरू करायचं नाही, नाहीतर बोलणं आपल्याकडे वळतं. पुढे "पण" जोडला तर सगळं वाया.

"धास्ती कसली! डोकेदुखी आहे. मागे एका घरात भावंडं भांडली, दोन वर्षं चाललं. तुमच्या बहिणीची सही कुठेय यात?"

अंदाज थोडा चुकला, आणि चांगलंच झालं. भावनेला चुकीचं नाव दिलं की माणूस ते दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करता करता खरी अडचण सांगून टाकतो.

त्यांचं म्हणणं निराधारही नव्हतं. सहकारी संस्था कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनुसार नॉमिनी हा वारस सभासद होईपर्यंत तात्पुरता सभासद असतो. कायम नोंदीसाठी मृत्युपत्र, वारस दाखला, किंवा सगळ्या वारसांनी केलेली कौटुंबिक व्यवस्था असा आधार लागतो. त्यामुळे बहिणीच्या सहीसह कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त करणं हा आमच्यासाठी रस्ता होता.

ही युक्ती माहिती काढते, मंजुरी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर चालतच नाही: तिथे "अपुरे?" हे भांडण वाटतं आणि शांततेला अर्थ उरत नाही. ज्याला पाकीटच हवंय, तो मन ओळखल्याने विरघळणार नाही. त्याच्याकडून लेखी नकार मागावा. आमच्या बाबतीत निघताना तोंडी ठरलेलं तिथेच कागदावर उतरवलं, "बहिणीची सही असलेला दस्त दिल्यावर अर्ज पूर्ण", आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, तारीख, सही घेतली.