भोसरीत मेसेज गुरुवारी टाका

आमचं काम फायर एक्स्टिंग्विशर रिफिलिंग आणि एएमसीचं, गिऱ्हाईक तीन प्रकारचं, पेठांतले दुकानदार, भोसरी एमआयडीसीतले वर्कशॉपवाले आणि बाणेर-बालेवाडीकडचे ऑफिसचे ॲडमिन. साहेबांचा हुकूम असा की सगळ्यांना सोमवारी सकाळी १० ला एकदम मेसेज सोडायचा, आठवड्याची सुरुवात म्हणे. रिप्लाय यायचे ते बहुतेक "नंतर बोलू".

भोसरीला गुरुवारी सुट्टी असते. पूर्वी विजेचा लोड वाटला जावा म्हणून एकेका पट्ट्याला वेगळा वार लावून दिलेला, तो अजून चालतोय. त्यामुळे गुरुवारी तिकडं कोण वाचणार म्हणून आम्ही तो वार कायम सोडायचो. त्या गुरुवारी मी एकाकडं नुसतं जुनं बिल द्यायला गेलो, तर शटर अर्धं वर, आत लेथचं गिअरबॉक्स उघडून ठेवलेलं, मेकॅनिक खाली बसलेला आणि मालक स्वतः टॉर्च धरून उभे. एरवी हाच माणूस फोनवर "डिस्पॅच चालूय" म्हणून कट करतो, आज म्हणाले "या, चहा घ्या, आणि तो कोपऱ्यातला सिलिंडर बघा जरा." ६ किलोचा एबीसी होता, काटा हिरव्यातून खाली लाल पट्ट्यात. तिथंच रिफिलिंगची ऑर्डर दिली. लहान कारखान्यात मेंटेनन्स सुट्टीच्या दिवशीच निघतो ना, कामगार नाही, गाडी भरायची नाही, मालक मात्र हजर.

बाहेर पडल्या पडल्या गाडीवर बसूनच त्या गल्लीतल्या बाकीच्यांना मेसेज केला, साडेअकरा झाले असतील, सोबत एकच ओळ, "काट्याचा फोटो पाठवा, चालतो का सांगतो." जेवणाच्या आधी फोटो यायला लागले, काही तर ग्रीसच्या बोटांसकट!

मग बाकीच्या याद्याही वेगळ्या केल्या. दुकानदाराला सकाळी भवानी व्हायच्या आत छेडायचंच नाही, विकायला आलेल्याचं तोंड बघायला तो तयार नसतो. पेठेत १ ते ४ तर बोलायलाच नको. चारला शटर उघडल्यावर सहाच्या गर्दीपर्यंत तो गल्ल्यावर मोबाईल बघत बसलेला असतो, तीच वेळ. ॲडमिनवाल्यांना मंगळवार-बुधवार दुपारी तीनच्या सुमारास, सोमवार त्यांचा मीटिंगमध्ये जातो आणि शुक्रवारी आलेलं सगळं सोमवारच्या ढिगाखाली.

वाराइतकीच तारीखही बघावी लागते. ७ च्या आत पगार, ११ ला जीएसटीआर-वन, २० ला थ्री-बी. हे दिवस भोसरीतल्या लहान मालकाचे सीएशी बोलण्यात जातात. (रिटर्न तिमाही भरणाऱ्याचं कॅलेंडर वेगळं, ते विचारून घ्यायचं.) या महिन्यात २० नेमकी गुरुवारी आलीये, म्हणून भोसरीची यादी सरळ २७ वर ढकलली. साहेब अजून कुरकुरतायत, म्हणतात सुट्टीच्या दिवशी कशाला त्रास देता लोकांना.