डिड नॉट रिसीव्ड

सकाळची विरार-चर्चगेट, बोरिवलीला कशीबशी चौथी सीट मिळालेली, आणि ऑफिसमधला आमचा नवीन पोरगा समोर उभा राहून मोबाइल पुढे करतो, ताई जरा बघ ना, पेरोलला मेल टाकायचाय. होमलोनवाल्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्यात, जानेवारी आणि मार्चची आहे, मधली फेब्रुवारीचीच गायब.

मेलची सुरुवात, 'आय डिड नॉट रिसीव्ड माय फेब्रुवारी सॅलरी.'

आता ह्याच्यात दोन गडबडी. एक तर 'डिड' आला की भूतकाळाचं ओझं त्यानेच उचललेलं असतं, पुढच्या क्रियापदाला परत उचलायला लावायचं नाही, म्हणजे 'डिड नॉट रिसीव्ह'. पण मी तेही नाही ठेवलं, 'हॅव नॉट रिसीव्ड' केलं, कारण आपण जे 'अजून मिळालेली नाही' म्हणतो ना, तो 'अजून' त्या 'हॅव'मध्ये बसतो. नुसतं 'डिड नॉट' म्हणजे तेव्हा मिळाली नव्हती, पुढचं काय ते समोरच्याने समजून घ्यायचं, आणि पेरोलवाले काही समजून घेत नाहीत हा माझा नऊ वर्षांचा अनुभव.

दुसरी गडबड काळाची नाहीच, 'स्लिप' शब्दच राहिलाय! पगार तर खात्यात आलाय. हा मेल असाच गेला असता तर त्यांनी बँकेत पैसे जमा झाल्याचा नंबर पाठवून विषय संपवला असता, आणि स्लिप तशीच राहिली असती.

पुढे 'आय ॲम नीडिंग इट अर्जंटली'. हे आपल्या 'मला हवी आहे'तल्या 'आहे'चं प्रेम. 'आय नीड इट' केलं, आणि 'अर्जंटली'च्या जागी शुक्रवारची तारीख टाकली, कारण अर्जंट तर सगळ्यांचंच असतं. एम्प्लॉयी कोड कुठेच नव्हता, तो सब्जेक्टमध्येच घातला, महिना आणि वर्षासकट. 'काइंडली डू द नीडफुल' काढून 'प्लीज सेंड द पीडीएफ' केलं, त्याचं तोंड जरा उतरलं, म्हणाला ताई फॉर्मल नाही वाटत. मग वरचं 'रिस्पेक्टेड सर' तसंच राहू दिलं, मेल शेवटी त्याचा आहे.

अंधेरीला उतरायच्या आत मेल गेला. दुपारी स्लिप आली पण, मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली, तेवढ्यात हा परत हजर. नवीन ड्राफ्ट. 'व्हाय यू डिड डिडक्टेड 300?'

प्रोफेशनल टॅक्स. दर महिन्याला 200 जातात, ह्या स्लिपवर 300. त्याला सांगितलं, अरे महाराष्ट्रात वर्षाचे 2500 असतात, अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, तुझ्या एकट्याचे नाही कापलेत, मेल नको पाठवू.

'बरं,' म्हणाला, 'पण ताई, डिडक्टेड की डिडक्ट?'