सायलेन्सर गरम का?

सेकंडहँड बाइक कशी तपासायची, याचा व्हिडिओ आज शूट केला. गाडी चकाचक, पण आम्ही पोचलो तेव्हा सायलेन्सर गरम! "आत्ताच चक्कर मारून आणली," मालक म्हणाले. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. म्हटलं, काका, चहा घेऊ, गाडी गार होऊ दे. दोनेक तासांनी सेल्फ मारला तर भसकन निळसर धूर. इंजिन ऑइल जळतंय, हे कॅमेऱ्यात स्पष्ट दिसलं.

हँडलखालच्या पाइपवरचा चासी नंबर आरसीशी जुळला. आरसीवर मात्र बँकेचा बोजा अजून होता. "कर्ज केव्हाच फिटलंय हो!" फिटलं असेल, पण बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओत गेल्याशिवाय बोजा उतरत नाही. तोवर टोकनसुद्धा देऊ नका.