चाळीस टक्के, सत्तर टक्के आणि मधला पन्नास

"सर, तो क्रॉस मारला की उत्तर येते, पण वजाबाकीचे आकडे उलटेच काऊन लिहा लागते? अन् पेपरात नेमकं तेच विसरलं तं मंग काय करायचं?"

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी गणित घेतो, पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी असं सगळं करणारी पोरं-पोरी एकाच सतरंजीवर बसलेली असतात आणि मिश्रणाचा चॅप्टर निघाला की हे कोणीतरी विचारतंच. कधी कधी पोरांच्या घरचे पण विचारतात, कारण घरी वहीत तो फुलीसारखा क्रॉस दिसतो आणि हे काय काढून ठेवलं पोट्ट्यानं असं वाटतं त्यांना.

तर आधी क्रॉस बाजूला ठेवा. एकच गणित घेऊ आणि त्याच्यावरच जरा बसू. एका कॅनमध्ये ४० टक्के ॲसिडचं द्रावण आहे, दुसऱ्यात ७० टक्क्यांचं. आपल्याला ५० टक्क्यांचं ६० लिटर पाहिजे. कोणातून किती घ्यायचं?

आता ४० टक्केवाल्यातलं फक्त एक लिटर डोळ्यासमोर आणा. त्यात ॲसिड आहे ४०० मिली, आणि ५० टक्के व्हायला पाहिजे होतं ५०० मिली, म्हणजे दर लिटरमागे १०० मिली कमी पडतंय. ७० टक्केवाल्याच्या एका लिटरमध्ये ७०० मिली आहे, तिथे दर लिटरमागे २०० मिली जास्तीचं आहे. हे म्हणजे गावातल्या उधारीसारखं झालं, एकाकडे कमी, दुसऱ्याकडे शिल्लक, आणि शिल्लकवाल्यानं कमीवाल्याची फेडायची. ७० वाल्याच्या एका लिटरनं किती जणांची फिटेल? २०० मिलीत १००-१०० च्या दोघांची. म्हणजे ७० वाला एक लिटर, तर ४० वाले दोन लिटर. झालं, प्रमाण २:१ आलं, कुठेही क्रॉस मारला नाही.

आकडे उलटे जातात त्याचं कारण एवढंच आहे. ७० वाला ५० पासून २० नं लांब आहे, तो जितका लांब तितका त्याचा एक लिटर जास्त लोकांना पुरतो, म्हणून तो स्वतः थोडाच लागतो आणि समोरचा जास्त लागतो. त्याचा २० समोरच्याच्या वाट्याला जातो, समोरच्याचा १० ह्याच्या वाट्याला येतो. क्रॉस हे फक्त ते लिहायची पद्धत आहे. डावीकडे ४०, उजवीकडे ७०, मध्ये ५०, आणि तिरपी वजाबाकी करून ४० च्या खाली २०, ७० च्या खाली १०.

६० लिटरचे तीन भाग केले, एक भाग २० लिटर, तर ४० टक्केवालं ४० लिटर आणि ७० टक्केवालं २० लिटर. ताळा करा, तो सोडायचा नाही. ४० लिटरचे ४० टक्के म्हणजे १६, २० लिटरचे ७० टक्के म्हणजे १४, बेरीज ३०, आणि ३० म्हणजे ६० चं बरोब्बर अर्धं.

उलटं लिहायचं विसरलात तर काय होतं तेही बघा, कारण पेपर काढणारा तो ऑप्शन मुद्दाम देतोच. ४० चं २० लिटर आणि ७० चं ४० लिटर घेतलं तर ॲसिड होतं ८ आणि २८, मिळून ३६ लिटर, म्हणजे ६० टक्के. पण हे एवढं करायला परीक्षेत वेळ नसतो, म्हणून मी पोरांना एकच सांगतो, उत्तर टिक करायच्या आधी नजर टाका की मधला आकडा कोणाच्या जवळ आहे. ५० हा ४० च्या जवळ आहे, मग ४० वालं जास्त असायलाच पाहिजे. तुमच्या उत्तरात ७० वालं जास्त दिसलं तर तुम्ही आकडे सरळ लिहिले, अदलाबदल करा. दोन सेकंदाचं काम आहे आणि वाचवतं पूर्ण मार्क.

आता पटकन करायची पद्धत. पेपरात जेव्हा एकूण किती पाहिजे ते दिलेलं असतं तेव्हा मी क्रॉससुद्धा मारत नाही. ४० पासून ७० पर्यंत एकूण अंतर ३०. आपल्याला ४० वरून ५० पर्यंत चढायचंय, म्हणजे १०. तर कडक द्रावण एकूणच्या १०/३० भाग, म्हणजे ६० चा तिसरा भाग, २० लिटर. उरलेलं पातळ. सूत्र म्हणून लिहायचं तर असं, पण पाठ करू नका, चढायचं किती आणि एकूण चढण किती एवढं डोक्यात राहिलं की पुरे:

कडक द्रावण = एकूण × (पाहिजे − पातळ) ÷ (कडक − पातळ)

ह्यात उलटंसुलटं व्हायचा प्रश्नच येत नाही कारण आपण एकाचंच काढतो, म्हणून विसरणाऱ्यांसाठी मला हीच जास्त बरी वाटते. क्लासवाले क्रॉसवरच का अडून बसतात ते त्यांनाच माहीत.

पाणी मिसळायचं असलं तर पाण्याला ० टक्के धरा, शुद्ध ॲसिडला १००. पण खरं सांगायचं तर नुसतं पाणी टाकायचं असेल तेव्हा ह्यातलं काहीच नको. ७० टक्क्यांचं २० लिटर आहे, ५० टक्के करायचंय. पाणी टाकल्यानं ॲसिड काही वाढत नाही, ते १४ लिटरच राहतं, आणि १४ लिटर हे अर्धं असेल तर एकूण २८. म्हणजे ८ लिटर पाणी. जी गोष्ट बदलत नाही ती धरून बसायची.

आता खरी खड्ड्याची जागा, आणि इथे हुशार पोरंपण पडतात. गणितात टक्के देत नाहीत, गुणोत्तर देतात. एका भांड्यात दूध आणि पाणी ३:१, दुसऱ्यात १:१, आणि पाहिजे २:१. मग पोरं काय करतात, ३, १ आणि मध्ये २ असे आकडे क्रॉसला देतात, दोन्हीकडे फरक १ येतो आणि "सर, बराबर बराबर" म्हणून हात वर. दिसायला इतकं साफ उत्तर असते ना, की संशयच येत नाही. पण एक-एक लिटर मिसळून बघा. पहिल्यात दूध पाऊण लिटर, दुसऱ्यात अर्धा, मिळून सव्वा लिटर दूध आणि पाऊण लिटर पाणी, म्हणजे ५:३. दोनास एक नाही झालं.

चूक कुठे आहे? आपण लिटर मोजून मिसळतो तर दर लिटरला दूध किती तेच धरायला पाहिजे. ३:१ मध्ये एकूण भाग चार, दूध ३/४. दुसऱ्यात १/२. पाहिजे २/३. छेद १२ केला की दूध ९, ६ आणि पाहिजे ८, बाराव्या हिश्शात. आता ९ वालं ८ पेक्षा १ नं जास्त, ६ वालं २ नं कमी, म्हणजे कमीवाल्या एका लिटरला जास्तीवाले दोन लिटर लागणार. पहिलं भांडं दोन, दुसरं एक. ताळा: दोन लिटरात दीड लिटर दूध, एका लिटरात अर्धा, एकूण तीन लिटरात दोन लिटर दूध आणि एक लिटर पाणी. बरोबर. म्हणून गुणोत्तर दिसलं की आधी दोन्ही आकड्यांची बेरीज खाली घ्यायची, मग पुढे जायचं. दुधाऐवजी पाणी धरलं तरी चालतं, पण तिन्ही ठिकाणी पाणीच धरायचं, एकीकडे दूध आणि एकीकडे पाणी नाही.

ह्याचा परीक्षेबाहेर काही उपयोग आहे का म्हणून पण विचारतात, तर दूध डेअरीत हेच करतात, तिथे ह्याला पिअर्सन स्क्वेअर म्हणतात. समजा गाईचं दूध ३.५ फॅटचं आहे, म्हशीचं ७ चं, आणि ४.५ चं ७० किलो करायचंय. चढायचं १, एकूण चढण ३.५, तर म्हशीचं ७० × १ ÷ ३.५ म्हणजे २० किलो, गाईचं ५०. ह्यात फक्त फॅट जुळतं हां, एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, आपोआप जुळतं असं नाही, ते वेगळं बघावं लागतं. एका क्रॉसमध्ये एकच गोष्ट बसते.

उलट एक जागा अशी आहे जिथे हे अजिबात लावायचं नाही, ती म्हणजे फवारणी. दोन वेगवेगळी औषधं टाकीत ओतली तर तिथे मधले टक्के वगैरे काही नसतं, कारण हे गणित दोन्हीकडे तोच पदार्थ असेल तरच चालतं. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. डोस लेबलवर लिहिलेला तोच.

पाहिजे असलेला आकडा दोघांच्या मध्ये नसेल तर गणितच चूक समजा. ४० आणि ७० मिसळून ७५ कधीच होत नाही, कितीही ओता. वजाबाकीत मायनस आला तर तो हेच सांगत असतो.

आणि अभ्यासिकेतल्या एका पोरीनं, बीएस्सी करते ती, विचारलं होतं की सर, लिटर अधिक लिटर खरंच तेवढंच होते का. चांगला प्रश्न आहे. नेहमी नाही होत. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिसळलं तर १०० भरत नाही, साधारण ९६-९७ मिलीच भरतं, कारण एकाचे रेणू दुसऱ्याच्या मधल्या जागेत बसतात. ॲसिड आणि पाण्याचंही थोडंफार तसंच होतं, वरून ते तापतं ते वेगळं. म्हणून प्रयोगशाळेत नेमकं पाहिजे असेल तर वजनानं घेतात आणि टक्केही वजनाचेच धरतात, ग्रॅममध्ये ग्रॅम मिळवला की बेरीज हलत नाही, वर डेअरीच्या दुधाचं गणित मी किलोत घेतलं ते त्याच्यासाठीच. भरतीच्या पेपरात मात्र निवांत लिटरमध्ये लिटर मिळवा, तिथलं ॲसिड काही आकसत नाही.