फासळी की बाजू

"परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही दोघी हिब्रूच्या एका शब्दावरून म्हणे एवढ्या भांडलात, मग बरोबर कोण होतं?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, कारण तोंडी सांगितलं की लोकांच्या लक्षात एवढंच राहतं की हिला बाई म्हणून फासळी नको होती, आणि ते मला लागतं.

शब्द होता त्सेला. उत्पत्ती 2:21, देवाने आदामाला गाढ झोप आणली आणि 'अहत मित्सलओताव', त्याच्या त्सेलांपैकी एक घेतली. आपल्या मराठी बायबलात फासळी आहे, पाठच आहे सगळ्यांना. सकाळी पेपर, उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय, भाषांतर आणि शब्दांवर टिपा. होस्टेलच्या खोलीत आम्ही एकमेकींचं म्हणून घेत होतो आणि मी म्हटलं, मी इथे 'बाजू' लिहिणार.

माझं म्हणणं हवेतलं नव्हतं. हा शब्द जुन्या करारात चाळीसच्या आसपास वेळा येतो आणि बहुतेक ठिकाणी तो इमारतीचा नाहीतर वस्तूचा असतो. निर्गम 25:12 काढा, कराराच्या कोशाच्या, म्हणजे त्या पवित्र पेटीच्या, एका त्सेलाला दोन कड्या आणि दुसऱ्या त्सेलाला दोन कड्या, तिथे कोणी फासळी म्हणतं का? निर्गम 26:20 मध्ये निवासमंडपाची, म्हणजे देवासाठीच्या तंबूची, उत्तरेकडची बाजू, तोही हाच शब्द. आणि अकराव्या शतकातला राशी, यहुदी टीकाकारांतला सगळ्यात वाचला जाणारा, तो उत्पत्तीच्या याच ओळीवर निवासमंडपाचा दाखला देऊन 'बाजू' म्हणतो. मग आदामापाशी आल्यावरच तेवढा अर्थ का बदलायचा?

ती शांतपणे ऐकत होती आणि मग म्हणाली, दानीएल 7:5 काढ.

तिथलं अस्वल तुम्हाला माहीत आहे, तोंडात दातांमध्ये तीन फासळ्या धरलेलं. तो भाग अरामी भाषेत आहे आणि फासळ्यांसाठी शब्द आहे इलईन. तिने वहीच्या मागच्या पानावर एरेत्स लिहिलं आणि शेजारी अर्आ, दोन्हीचा अर्थ जमीन, पहिला हिब्रू दुसरा अरामी. काही शब्दांत हिब्रूचा त्स अरामीत कंठातला अ होतो, हे आम्ही दोघी शिकलो होतो. त्याच नियमाने त्सेलाचं इला होतं, म्हणजे शब्द तोच, आणि अस्वलाच्या दातांत बाजू कशी बसेल? अरबीतही या धातूचा शब्द फासळीलाच आहे. "आणि 2:23 विसरलीस का," ती म्हणाली, "आदाम 'माझ्या हाडातलं हाड' म्हणतो. हाड कुठून आलं मग?"

मी म्हटलं, त्याच दमात तो 'माझ्या मांसातलं मांस' पण म्हणतो, नुसत्या फासळीत मांस कुठून आलं? ती म्हणाली मांस देवाने त्या जागी भरलं, ओळ वाच नीट. मी म्हटलं जागा बाजूचीही असू शकते. आवाज चढले, शेजारच्या खोलीतल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि तेव्हा ती ते वाक्य बोलली, "तुला अर्थ शोधायचा नाहीये, तुला हवा तोच अर्थ काढायचाय."

मी दिवा बंद केला. अभ्यास अर्धा राहिला होता तरी केला.

कारण तिला माहीत होतं. ताईच्या लग्नात पाळकसाहेबांनी उपदेशात ताईकडे बघून सांगितलं होतं की बाई फासळीतून झाली, म्हणून तिने नवऱ्याच्या बगलेखाली राहावं, आणि ताईने मान खाली घातली होती. हे मी तिलाच सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाला नाही. तिने ते परीक्षेच्या आदल्या रात्री युक्तिवाद म्हणून वापरलं. आजही मला ते पटत नाही. ताईसाठी मला राग होता हे खरं, पण कोशाच्या कड्या माझ्या रागाने दोन्ही बाजूंना लागल्या नव्हत्या ना!

पेपरात मी बाजू लिहिलं, तिने फासळी, टिपेत तिने दानीएल लिहिला, मी राशी. सरांनी दोघींना मार्क दिले आणि कोण बरोबर ते सांगितलं नाही. मीही विचारायला गेले नाही.

तेव्हाची मी म्हणायची की फासळी हा सरळ चुकीचा अर्थ आहे. आता मी तसं म्हणत नाही, तिच्या अस्वलाला माझ्याकडे उत्तर नाही. पण तिच्याकडेही याचं उत्तर नाही की अख्ख्या हिब्रू जुन्या करारात माणसाच्या छातीतलं हाड असा अर्थ दुसऱ्या एकाही जागी ठामपणे का दाखवता येत नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात प्लेउरा आहे, त्याचा अर्थ फासळीही होतो आणि बाजूही, म्हणजे तिथेही निकाल लागत नाही. आणि समजा फासळीच असली, तरी बगलेखाली राहावं हे 2:21 मध्ये कुठे लिहिलंय, हे त्या पाळकसाहेबांना विचारा, मला नको.

मी अजून 'बाजू'च म्हणते. ती आता दुसऱ्या गावात हिब्रू शिकवते, गेल्या नाताळात फोन आला तेव्हा तिने आधी शुभेच्छा दिल्या आणि मग विचारलं, "इलईनचं काय केलंस?"